विडी, खोकला आणि कर्करोग : दोन अभ्यासपद्धती व दोन गुणोत्तरे



बालाघाट जिल्ह्याच्या पश्चिमेकडील कटंगी तहसील आणि सीमेलगतचे भंडारा व गोंदिया हे जिल्हे यांचा तेंदूपत्त्याशी आणि विडीशी जुना संबंध आहे. उन्हाळ्यात पाने तोडणारे, पुडे बांधणारे, विडी वळणारे आणि विडी ओढणारे असे सर्वच लोक या पट्ट्यात राहतात. विडी ओढणाऱ्याला कर्करोगाचा धोका किती पट अधिक असतो, हा प्रश्न येथे सहज विचारला जातो. त्याचे उत्तर एखाद्या अहवालातून उचलून भिंतीवरील फलकावर लिहिण्यापूर्वी ते उत्तर कोणत्या रीतीने मिळविले गेले, हे पाहणे अगत्याचे असते. "पाचपट" हा शब्द एका अभ्यासात खरा ठरतो आणि दुसऱ्या अभ्यासात त्याच धाटणीचा शब्द दिशाभूल करतो. आजच्या भाषणाचा विषय हा भेदच होय.

सवय आणि रोग यांचा संबंध दोन टोकांकडून शोधता येतो. पहिल्या रीतीत सवयीपासून आरंभ होतो. रोग नसलेली माणसे प्रथम नोंदविली जातात, त्यांपैकी विडी ओढणारे कोण व न ओढणारे कोण हे लिहून ठेवले जाते आणि पुढील काही वर्षांत कोणाला रोग झाला ते पाहिले जाते. हा कोहॉर्ट अभ्यास. दुसऱ्या रीतीत रोगापासून आरंभ होतो. रोग झालेले रुग्ण एका बाजूस आणि तो रोग नसलेली, पण इतर बाबतींत तशीच असलेली माणसे दुसऱ्या बाजूस घेतली जातात आणि दोघांनाही पूर्वीच्या सवयीबद्दल विचारले जाते. हा केस-कंट्रोल अभ्यास. यातील निरोगी गटास तुलनागट म्हणता येईल.

या दोहोंतील फरक "पुढे पाहणे" आणि "मागे पाहणे" असा सांगण्याची प्रथा आहे, परंतु ती खूण फसवी आहे. समजा, तिरोडीसारख्या मँगनीज खाणीच्या वीस वर्षांपूर्वीच्या हजेरीपटावरून कामगारांची यादी केली, कोण धुळीच्या कामावर होता व कोण कचेरीत होता हे त्या पटावरूनच ठरविले आणि त्यानंतर कोणाला कोणता आजार झाला हे शोधले. येथे सर्व घटना भूतकाळातील आहेत, तरीही हा कोहॉर्ट अभ्यासच होय, कारण माणसे कामावरून निवडली गेली, रोगावरून नव्हे. अचूक खूण एकच : माणसाला अभ्यासात प्रवेश कशामुळे मिळाला? सवयीमुळे की रोगामुळे?

दोन्ही रीतींचे गणित एकाच उदाहरणात मांडले म्हणजे पुढील गोष्ट उलगडते. कटंगी परिसरातील पस्तीस वर्षांवरील १०,००० पुरुष डोळ्यांपुढे आणावेत. हे आकडे प्रत्यक्ष मोजणीचे नव्हेत, केवळ हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत. यांपैकी ४,००० विडी ओढतात, ६,००० ओढत नाहीत. दहा वर्षांत विडी ओढणाऱ्यांपैकी ४० जणांना आणि न ओढणाऱ्यांपैकी १२ जणांना घशाचा कर्करोग झाला. पहिल्या गटाची जोखीम ४,००० मागे ४०, म्हणजे हजारी १०. दुसऱ्या गटाची ६,००० मागे १२, म्हणजे हजारी २. दहास दोनाने भागले की पाच येतात. ही सापेक्ष जोखीम, म्हणजेच रिलेटिव्ह रिस्क. शिवाय विडीमुळे हजारी ८ रुग्ण अधिक झाले, हेही कळते. आरोग्यसेवेच्या आखणीला हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच उपयोगी असतो.

पण हे ५२ रुग्ण मिळविण्यासाठी दहा हजार माणसांची दहा वर्षे दखल घ्यावी लागली. त्याऐवजी कोणी रुग्णालयातून हेच ५२ रुग्ण घेतले आणि कर्करोग नसलेल्या पुरुषांमधून १०० जणांचा तुलनागट घेतला, तर काय होईल? निरोगी पुरुषांत विडी ओढणारे शेकडा ४० च्या आसपास असल्याने तुलनागटात ४० विडी ओढणारे व ६० न ओढणारे येतील. आता मोह असा होतो की, विडी ओढणारे एकूण ८०, त्यांपैकी रुग्ण ४०, म्हणून जोखीम निम्मी. न ओढणारे ७२, त्यांपैकी रुग्ण १२, म्हणून जोखीम सहावा हिस्सा. भागाकार तीन. हे उत्तर चूक आहे. ते का चूक, हे तुलनागट वाढविला की दिसते. शंभरऐवजी ५०० निरोगी घेतले, तर त्यांत २०० विडी ओढणारे आणि ३०० न ओढणारे असतील. त्याच रीतीने भागाकार केला, तर उत्तर तीन न येता ४.३ च्या आसपास येते. रोग तोच, विडी तीच, गाव तेच, केवळ अभ्यासकाने निरोगी माणसे किती बोलावली यावर धोका बदलला. रुग्णांचे आणि निरोग्यांचे प्रमाण अभ्यासकाने स्वतः ठरविले असल्यामुळे केस-कंट्रोल अभ्यासात जोखीम मोजता येत नाही.

येथे ऑड्स रेशो उपयोगी पडतो. ऑड्स म्हणजे एकूणांशी नव्हे, तर विरुद्ध बाजूशी लावलेले प्रमाण. पाच कुस्त्यांत चार जिंकल्या व एक हरली, तर जिंकण्याची जोखीम पाचांत चार, पण ऑड्स चारास एक. रुग्णांत विडी ओढणारे ४० व न ओढणारे १२, म्हणून ऑड्स ४०:१२. शंभरांच्या तुलनागटात ४०:६०. दोहोंचा भागाकार ५. पाचशेंचा तुलनागट घेतला, तर २००:३००, आणि भागाकार पुन्हा ५. निरोगी माणसे किती घेतली, यावर हे गुणोत्तर हलत नाही. म्हणूनच केस-कंट्रोल अभ्यासात तेच योग्य माप होय.

आणि ते खऱ्या सापेक्ष जोखमीच्या इतके जवळ आले, हा योगायोग नाही. संपूर्ण दहा हजारांत ऑड्स काढले, तर विडी ओढणाऱ्यांत ४०:३,९६० आणि न ओढणाऱ्यांत १२:५,९८८ असे होतात व गुणोत्तर ५.०४ येते. रोग विरळ असल्याने ३,९६० आणि ४,००० यांत, तसेच ५,९८८ आणि ६,००० यांत फारसे अंतर राहत नाही. विरळ रोगात ऑड्स रेशो सापेक्ष जोखमीची जागा घेऊ शकतो, हे जेरोम कॉर्नफील्ड या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये दाखवून दिले.

आता तोच हिशेब कर्करोगाऐवजी हिवाळ्यातील खोकल्याला लावून पाहावा. समजा, विडी ओढणाऱ्या ४,००० पैकी २,४०० जणांना आणि न ओढणाऱ्या ६,००० पैकी १,८०० जणांना खोकला झाला. जोखीम शेकडा ६० आणि शेकडा ३०, म्हणजे सापेक्ष जोखीम दोन. परंतु ऑड्स २,४००:१,६०० आणि १,८००:४,२००, आणि त्यांचे गुणोत्तर साडेतीन. दोन्ही भागाकार बिनचूक आहेत. तथापि फलकावर "विडी ओढणाऱ्यास साडेतीनपट खोकला" असे लिहिले, तर ते असत्य होईल. खोकणारे दुप्पटच आहेत. रोग जितका सर्वसामान्य, तितका ऑड्स रेशो सापेक्ष जोखमीपासून दूर सरकतो व परिणाम फुगवून दाखवितो. संगणकावरील नेहमीच्या विश्लेषणातून पुष्कळदा ऑड्स रेशोच बाहेर पडतो, अभ्यास कोहॉर्ट असला तरीही. यास्तव अहवाल वाचताना रोग शेकडा किती जणांना झाला, हे आधी पाहावे. शेकडा दहांपेक्षा अधिक असेल, तर ऑड्स रेशोला "इतके पट धोका" म्हणू नये.

या दोन्ही रीतींचा इतिहास तंबाखूशीच जडलेला आहे. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण व तितकेच इतर रुग्ण यांची तुलना प्रसिद्ध केली. कर्करोग्यांत धूम्रपान न करणारे केवळ २, तुलनागटात २७. म्हणजे ६४७:२ आणि ६२२:२७, आणि ऑड्स रेशो सुमारे १४. परंतु धूम्रपान करणाऱ्या हजारांपैकी किती जणांना रोग होईल, हे त्यातून सांगता येत नव्हते. म्हणून १९५१ मध्ये त्याच दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना सवयीविषयी पत्रे पाठविली आणि उत्तर देणाऱ्या सुमारे ४०,००० डॉक्टरांचा पाठपुरावा सुरू केला. केस-कंट्रोल अभ्यासाने संशय लवकर पक्का केला आणि कोहॉर्ट अभ्यासाने जोखीम मोजली.

मुंबईतही हाच क्रम दिसतो. संघवी, राव आणि वसंत खानोलकर यांनी मुंबईतील कर्करोग्यांच्या व इतरांच्या तंबाखू ओढण्या-चघळण्याच्या सवयींची तुलना १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९९१ ते १९९७ या काळात प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारयाद्यांच्या आधारे मुंबईतील पस्तीस वर्षे व त्यावरील १,४८,१७३ व्यक्तींची नोंद केली आणि काही वर्षांनी त्यांतील मृत्यू मोजले. तंबाखू कधीही न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूची सापेक्ष जोखीम १.३७, तर विडी ओढणाऱ्यांत १.६४ आढळली. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, ही समजूत या मोजणीपुढे टिकली नाही. हे आकडे एका रोगाचे नसून सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंचे आहेत, म्हणून १४ शी त्यांची तुलना करणे योग्य नव्हे.

दोन्ही रीती कोठे फसतात, तेही ध्यानी असावे. केस-कंट्रोल अभ्यासाचे मर्म तुलनागटात आहे. रुग्णालयातून तुलनागट घेताना क्षय, दमा किंवा हृदयविकार यांचे रुग्ण घेतले, तर त्यांतही विडी ओढणारे गावापेक्षा अधिक भरतात. वरील उदाहरणात तुलनागटात ४० ऐवजी ६० विडी ओढणारे आले, तर ४०:१२ आणि ६०:४० यांवरून ऑड्स रेशो पाचावरून २.२ वर उतरतो. शिवाय रोगी माणूस आपल्या सवयी अधिक आठवून सांगतो, निरोगी माणूस विसरतो. कोहॉर्ट अभ्यासाचा धोका गळतीत आहे. कटंगीचा मजूर कामासाठी नागपुरास गेला व तेथेच आजारी पडला, तर पटावर तो निरोगीच राहतो. असे जाणारे एका गटातच अधिक असतील, तर सापेक्ष जोखीम खोटी ठरते. म्हणून प्रत्येक गटातील किती जण अखेरपर्यंत सापडले, हे अहवालात पाहावे.

यावरून निवडीचा नियम निघतो. रोग विरळ असेल आणि उत्तर लवकर हवे असेल, तर केस-कंट्रोल अभ्यास व ऑड्स रेशो. रोग सर्वसामान्य असेल, किंवा हजारी किती रुग्ण वाढतील हे सांगावयाचे असेल, तर कोहॉर्ट अभ्यास व सापेक्ष जोखीम. फलक लिहिणाऱ्याने आकड्याखाली आणखी एक ओळ लिहावी : किती माणसांमागे, किती वर्षांत. ही ओळ लिहिता येत नसेल, तर हाती असलेला आकडा जोखमीचा नाही, असे समजावे.