कडी न लावलेलं दार

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता आठच ओळींची, पण मराठी समीक्षेत तिचे अर्थ पुष्कळ. कुणाला त्यात उदासी दिसते, कुणाला विरक्ती. अर्थ किती निघावेत याला मर्यादा नाही. प्रत्येक अर्थ कवितेतल्या नेमक्या कोणत्या शब्दांवर उभा आहे, एवढं मात्र समीक्षकानं दाखवायला हवं.

या भाषणापुरत्या रचलेल्या चार ओळी श्रोत्यांनी ऐकाव्यात:

दार लोटून आई झोपली,
कडी मात्र लावली नाही.
चुलीपाशी झाकलेलं ताट,
वर पालथी वाटी.

यावर नेहमीच्या पठडीतला परिच्छेद असा येईल: ‘मातृहृदयाची व्याकुळता कवीनं अत्यंत तरलतेनं टिपली आहे. ही हृदयस्पर्शी कविता वाचकाच्या मनाचा ठाव घेते.’ कवितेचं नाव झाकलं, तर हीच वाक्यं आईवरच्या कुठल्याही कवितेखाली खपतील. त्याहून मोठी चूक म्हणजे, यातली व्याकुळता कवितेत नाहीच. आई चक्क झोपली आहे!

अशा परिच्छेदात मध्येच ‘म्हणूनच कवी म्हणतो’ असं लिहून चारही ओळी उतरवल्या, तरी तो सुधारत नाही. अवतरण तिथं नुसतं शोभेला राहतं. आधी प्रत्येक विधानाला ‘कशावरून?’ असं विचारावं. उत्तरात ओळ सापडली नाही, तर विधान काढावं. सापडली, तर तिच्यातला नेमका शब्द उचलावा आणि तो काय करतो ते सांगावं.

मग परिच्छेद असा होतो:

‘इथली आई जागत बसलेली नाही, ती “झोपली” आहे. तरी “कडी मात्र लावली नाही” यातल्या “मात्र”मुळे कडी लावायला विसरलेली नसून मुद्दाम न लावलेली वाटते. पुढच्या दोन ओळींत पूर्ण क्रियापद नाही. आईचं काम आटोपलं आहे, आता “झाकलेलं ताट” आणि “पालथी वाटी” तिच्या वतीनं वाट पाहतात. येणारं माणूस कोण, हे कविता सांगत नाही.’

‘हृदयस्पर्शी’ गेलं, ‘तरल’ गेलं. काही बिघडलं नाही. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं. शहरात गेलेला मुलगा, रात्रपाळीचा नवरा असं काही जोडायचा मोह होतो, पण त्याला ओळींचा आधार नाही.

मतभेदही आता ओळींवरच होतो. एखादा म्हणेल, पालथी वाटी म्हणजे रिकामी, म्हणजे घरात खायला काही नाही. त्याला तिसरी ओळ दाखवता येते: रिकामं ताट कुणी झाकून कशाला ठेवील? त्यावर त्यानं ‘घरातलं शेवटचं अन्न त्या ताटात असेल’ असं म्हटलं, तर मात्र त्यासाठी त्याला पाचवी ओळ लागेल, आणि ती कवितेत नाही.