राऊटर नाही? तरीही मोबाईलवरून प्रिंट निघते

रिसोडहून बोलतेय.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची कर्जाची फाईल बँकेत द्यायची होती. ठराव अध्यक्षताईंच्या मोबाईलवर पीडीएफमध्ये तयार होता. ग्रामसंघाच्या खोलीत प्रिंटर होता, पण राऊटर नाही. एका चार पानी कागदासाठी सगळ्या जणी रिसोडला निघाल्या होत्या. मी म्हटलं, थांबा, आधी प्रिंटरवर वायफायचं चिन्ह आहे का बघू. चिन्ह होतं. नुसत्या केबलवर चालणाऱ्या प्रिंटरला हे जमत नाही.

अशा बऱ्याच प्रिंटरमध्ये स्वतःचं छोटं वायफाय असतं. त्याला वायफाय डायरेक्ट म्हणतात. त्यात इंटरनेट नसतं, फक्त मोबाईल आणि प्रिंटर एकमेकांना जोडले जातात. आम्ही मोबाईलच्या वायफाय यादीत पाहिलं, तर `DIRECT-` ने सुरू होणारं नाव दिसलं. त्याला पासवर्ड लागतो. आमच्या प्रिंटरवर `i` लिहिलेलं बटण होतं. ते दाबल्यावर एक माहितीपान छापून आलं, त्यावर वायफाय डायरेक्टचं नाव आणि पासवर्ड होता. ज्या प्रिंटरला छोटा पडदा असतो, त्यात तो वायफाय डायरेक्टच्या मेनूत दिसतो.

पासवर्ड टाकला, जोडलं गेलं. ठराव उघडून तीन टिंबांतून `Print` दाबलं, पण प्रिंटर सापडेना. कारण मोबाईलने पाहिलं की या वायफायवर इंटरनेट नाही, आणि तो गुपचूप डेटाकडे वळला. मग आम्ही मोबाईल डेटा बंद केला. इंटरनेट नसलं तरी जोडलेलं राहायचं का, असं मोबाईलने विचारलं, तेव्हा हो म्हटलं. लगेच प्रिंटरचं नाव आलं. आधी एकच पान काढून पाहिलं, मग बाकीची तीन.

दोन गोष्टी घरूनच करून घ्या. कागद आधी मोबाईलमध्ये डाऊनलोड करून ठेवा. व्हॉट्सअॅपवर नुसता दिसणारा, न उतरवलेला कागद डेटा बंद केल्यावर उघडणार नाही. आणि मोबाईल प्रिंटर शोधत नसेल, तर त्या कंपनीचं प्रिंट अॅप लागतं. तेही इंटरनेट असताना आधीच घ्या, कारण प्रिंटरच्या वायफायवरून ते उतरत नाही.

काम झालं की ते वायफाय तोडा आणि डेटा चालू करा. आमच्या अध्यक्षताई विसरल्या. संध्याकाळपर्यंत त्यांना एकही मेसेज आला नाही, आणि त्या मोबाईल बिघडला म्हणून काळजीत!

आणि तो पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. तो ज्याच्याकडे असेल, त्याला बाहेर अंगणात बसूनही तुमच्या शाईवर छापता येईल. गटाच्या वहीत लिहून ठेवा.

येते मी. नमस्कार.