टोमणा पाखडून घ्यायचा
(मासिक बैठकीत एका ताईंनी केलेले भाषण)



मी आमच्या गटाची कोषाध्यक्ष. शिकले सातवीपर्यंत. आमच्या सचिव ताई बारावी झालेल्या. मी हिशेब वाचायला लागले की त्यांचं ठरलेलं, "हिला काय कळतंय!" चार जणी हसायच्या. माझे कान तापायचे, आवाज बसायचा आणि येत असलेला आकडाही चुकायचा. राग निघायचा घरी, भांड्यांवर.

एकदा त्या म्हणाल्या, "हिशेब चुकलाय. अक्कल नसलेल्यांच्या हातात वह्या दिल्या की असंच होणार." त्या दिवशी मी लगेच बोलले नाही. पाय जमिनीवर नीट टेकवले, श्वास सावकाश सोडला, वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. छातीतली धडधड जरा उतरली. मग एवढंच विचारलं, "ताई, कोणती रक्कम चुकली? दाखवा, आत्ताच बघू."

बघितलं तर एका ताईंच्या हप्त्याचे ५०० रुपये मी बचतीच्या रकान्यात लिहिले होते. रोख बरोबर होती, पण त्यांची कर्जबाकी ५०० ने जास्त दिसत होती. मी म्हटलं, "चूक माझी." सगळ्यांसमोर दुरुस्त केली, अध्यक्षांची सही घेतली.

बायांनो, आपण सुपात धान्य पाखडतो ना, टोमणाही तसाच पाखडायचा. ५०० ची चूक हा दाणा, तो ठेवायचा. "अक्कल नाही" हे फोलपट, ते उडवून द्यायचं. दाणाच नसेल, तर उत्तर न देता पुढचा आकडा वाचायचा.

पण गप्प राहून सोसत बसायचं नाही. दोन दिवसांनी मी त्यांना एकटीला गाठलं. म्हटलं, "चूक दाखवलीत, बरं झालं. पण चारचौघींत अक्कल काढलीत ते लागलं. चूक जरूर सांगा, अक्कल काढू नका." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात परत तेच. मग मी बैठकीत विषय मांडला : हिशेब वाचून होईपर्यंत मधे कुणी बोलायचं नाही, शंका नंतर विचारायच्या. सगळ्यांनी होकार दिला. इतिवृत्तात तो ठराव सचिव ताईंनाच लिहावा लागला! टोमणे पूर्ण थांबले नाहीत, पण कमी झाले. आता हसायला कुणी साथ देत नाही.

आणखी एक सवय लावली. वहीच्या शेवटच्या पानावर मी केलेलं काम लिहिते : बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं, थकलेला हप्ता वसूल केला. बैठकीला निघताना ते पान वाचते. दुसरीनं माझी किंमत कमी केली, तरी माझं काम माझ्या अक्षरात समोर असतं.

मात्र कुणी जातीवरून बोललं, धमकी दिली, अंगावर आलं, तर तिथे शांत राहणं हा उपाय नाही. ते तारखेसह लिहून ग्रामसंघाकडे द्या, गरज पडली तर पोलिसांत जा. जाताना एकटी जाऊ नका, गटातली एक जण सोबत घ्या.