कट कुठे, ते हात सांगतो

वसंत व्याख्यानमालेतल्या त्या संध्याकाळच्या वक्त्या चित्रपट-संकलक होत्या आणि विषय होता शिकवणीचे रेंगाळणारे व्हिडिओ. चित्रपट-संकलनाच्या इतिहासातली पोर्टर, ग्रिफिथ वगैरे मंडळी "तुम्हाला ठाऊकच आहेत" म्हणत त्यांनी मागे टाकली आणि थेट आपल्या ठाम मताला हात घातला. हाताचं काम शिकवताना कट कुठे घ्यायचा हे हातावरून ठरवावं, बोलण्यावरून नव्हे.

पडद्यावर उकडीचे मोदक आले. कॅमेरा एकच, वरून लावलेला. बाई पारीला कळ्या पाडतात आणि अखंड बोलतात. बहुतेक जण इथे आधी बोलणं छाटतात: "अं", "तर मग", वाक्यांमधला श्वास. वक्त्यांनी तेच करून दाखवलं. आवाज सुटसुटीत झाला, पण प्रत्येक कटला बोटं जागच्या जागी उडू लागली आणि पारी खोल कधी झाली ते कळेना. सभागृहात हशा पिकला.

मग तोच तुकडा त्यांनी ॲक्शनवर कापला. पहिल्या तीन कळ्या पूर्ण ठेवल्या, कारण चिमटा कसा घ्यायचा ते तिथेच शिकायचं असतं. चौथ्या कळीसाठी बोटं मिटू लागली आणि ती वेगात असतानाच कट. पुढच्या शॉटमध्ये तीच बोटं दहावी कळी मिटतात. हालचाल इकडे सुरू होते, तिकडे संपते आणि नजर तिच्यामागे जाते. दुसरा कॅमेरा नव्हता, म्हणून पुढचा शॉट त्यांनी सव्वापट मोठा केला. चित्रीकरण फोर-केमध्ये आणि व्हिडिओ फुल एचडीत असल्याने चित्र फुटलं नाही. चौथ्या कळीवेळचं वाक्य मात्र त्यांनी मध्येच तोडलं नाही, ते दहाव्या कळीच्या चित्रावर संपू दिलं.

इथून गाडी वॉल्टर मर्चकडे वळली आणि बराच वेळ तिथेच थांबली. उभ्याने संकलन करणारे, 'अपोकॅलिप्स नाऊ'वर काम केलेले मर्च कट ठरवताना भावनेला 51 टक्के वजन देतात आणि त्रिमितीय अवकाशाच्या सलगतेला अवघे 4. कथापटात ते खरंच आहे, वक्त्या म्हणाल्या, पण शिकवणीच्या व्हिडिओत हात कुठे आहे हीच कथा असते.

एका शिक्षिकेने हटकलं, "मग सूचनांचं काय?" वक्त्या जरा तडकल्या, पण मुद्दा त्यांनी मानला. "वाफ धरेपर्यंत झाकण काढायचं नाही" असं वाक्य असेल तिथे बोलणंच राखायचं. 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं आणि आवाज नेमका तिथेच उतरतो. टाइमलाइनवर ध्वनीची रेघ सपाट दिसते म्हणून तिथे कापलं, तर सूचना उलटी होते. म्हणून वाक्यानंतर सात-आठ फ्रेम सोडायच्या, म्हणजे 25 फ्रेमच्या हिशेबाने सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा.

तेवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली आणि तपासणीचा भाग त्यांना घाईत उरकावा लागला. आधी आवाज बंद करून पाहा. हात उडाला, तर कट दोन-तीन फ्रेम मागेपुढे सरकवा. मग डोळे मिटून ऐका. कटला खोलीचा आवाज तुटत असेल, तर कुणी बोलत नसताना टिपलेला त्याच खोलीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज खाली पसरा.