फोटोतला हिरवा बटाटा आणि कोंब आलेला कांदा

पावसाळ्याच्या आधी आपण बेगमी करून ठेवतो. घाटावरून आलेला कांदा-बटाटा पोत्याने घेतो आणि पडवीत नाहीतर माळ्यावर ठेवतो. दाभोळसारख्या खाडीकाठच्या गावात हवा दमट, त्यात उकाडा. दोन-तीन आठवड्यांत बटाट्याला मोड येतात, कांद्याला हिरवे कोंब फुटतात. मग कोणीतरी मोबाईलवर फोटो काढून गटावर टाकते आणि विचारते, "हे चालतील का गं?" या प्रश्नाचं उत्तर फोटो बघून कसं द्यायचं, आणि फोटोवरून कुठे द्यायचं नाही, ते आज बघू.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करू. कांद्यातला हिरवा रंग आणि बटाट्यातला हिरवा रंग दिसायला सारखेच, पण अर्थ अगदी वेगळा.

कांद्याला फुटलेला हिरवा कोंब म्हणजे कांद्याची पातच. ती विषारी नाही. कांदा हाताला टणक असेल तर कोंबासकट चिरून भाजीत घाला. कोंब वाढताना कांद्यातला रस ओढून घेतो, म्हणून असा कांदा थोडा बेचव आणि पोकळ लागतो, एवढंच. कांदा टाकायचा तो दुसऱ्या कारणाने. मानेजवळ दाबला की मऊ लागतो, बुळबुळीत पाणी सुटतं, कुजका वास येतो, तो टाकायचा. वरच्या सालीवर काळी भुकटी असेल तर ती बुरशी. वरचे एक-दोन पदर काढून कांदा धुवा. आतले पदर स्वच्छ आणि टणक असतील तर वापरा, काळेपणा आत गेला असेल तर नको.

बटाट्याचं तसं नाही. बटाट्यावर उजेड पडला की साल हिरवी होते. हा हिरवा रंग पानात असतो तोच, त्याने काही होत नाही. पण त्याच उजेडाने बटाट्यात सोलानिन नावाचं विष वाढतं, आणि त्याला स्वतःचा रंग नाही. म्हणून हिरवा डाग ही आपल्याला मिळालेली खूण समजायची. हे विष सालीत, सालीच्या लगेच खाली, आणि सगळ्यात जास्त कोंबात आणि डोळ्याभोवती साठतं. चांगल्या बटाट्यातही ते किंचित असतं, त्याने बाधत नाही.

खरी अडचण अशी की चुलीवर ते जात नाही. कुकरमध्ये उकडा, तेलात तळा, ते बहुतेक तसंच राहतं. त्यामुळे "चांगलं शिजवलं की झालं" हा नियम इथे चालत नाही. लंडनमधल्या एका शाळेत 1969 साली 78 मुलं जेवल्यावर आजारी पडली आणि त्यातल्या 17 जणांना इस्पितळात ठेवावं लागलं. संशय आला तो आधीच्या सत्रातून उरलेल्या पोत्यातल्या बटाट्यांवर, आणि ते बटाटे उकडलेलेच होते. सगळी मुलं बरी झाली, पण त्रास जेवणानंतर बऱ्याच तासांनी सुरू झाला होता. आपल्याकडेही रात्री खाल्लेल्या बटाट्याचा त्रास सकाळी झाला, तर दोष भलत्याच पदार्थाला जाईल.

आता फोटोकडे येऊ. बटाट्याला माती लागलेली असते, साल तपकिरी असते, त्यातून फिकट हिरवा रंग दिसत नाही. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत सगळंच पिवळट येतं. उलट, बटाटे हिरव्या प्लास्टिकच्या टोपलीत ठेवले तर चांगल्या बटाट्यावरही हिरवी झाक पडते. म्हणून फोटो मागताना असं सांगा: बटाटे धुऊन पुसा. दिवसा दारात या, उन्हात नको, सावलीत. पांढऱ्या ताटलीत ठेवा, फ्लॅश बंद ठेवा, रंग बदलणारा फिल्टर लावू नका. एक फोटो वरून, एक उलटा करून. शंका असेल त्या ठिकाणी नखाने साल खरवडा आणि बटाटा उभा कापून कापलेल्या बाजूचा तिसरा फोटो काढा. रंग किती खोल गेलाय ते या तिसऱ्या फोटोत कळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, गटाला शनिवारी बटाटेवड्यांची ऑर्डर आहे आणि एका ताईंनी पाच बटाट्यांचा असा फोटो पाठवला.

पहिला टणक, दोन डोळ्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे मोड, हिरवं कुठेच नाही. मोड खुडून भागणार नाही. सुरीच्या टोकाने डोळा खोलवर कोरून काढा आणि साल काढून वापरा.

दुसऱ्यावर रुपयाएवढा हिरवा डाग, कापल्यावर आत पांढराशुभ्र. साल जाड काढा, डागाखालचा गरही बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढा कापून टाका, राहिलेला मोठ्यांच्या जेवणात चालेल. वडे मात्र मुलंही खाणार, त्यामुळे त्यात घालू नका.

तिसऱ्याची एक बाजू सगळी हिरवी, कापल्यावर हिरवी कड आतपर्यंत. चौथ्याला बोटाएवढे लांब कोंब आणि साल सुरकुतलेली. दोन्ही पूर्ण टाकायचे, चांगला भाग निवडत बसू नका.

पाचवा फोटोत अगदी स्वच्छ. पण ताई लिहितात की कापल्यावर वास वेगळा येतोय आणि आतून मऊ आहे. इथे फोटोचं ऐकू नका. वास, मऊपणा आणि कडूपणा फोटोत येत नाही. बटाट्याला मार लागला असेल तरी विष हिरवेपणाशिवाय वाढू शकतं. म्हणून हातात ज्याच्या बटाटा, निर्णय त्याचा. भाजी तोंडात घातल्यावर कडू लागली किंवा जिभेला चुरचुरली, तर घास थुंकून टाका आणि भाजी कोणालाही वाढू नका.

मुलांसाठी इतकं कडक का? साठ किलोच्या बाईला जेवढं विष काहीच करत नाही, तेवढंच पंधरा किलोच्या मुलाच्या अंगात चौपट भारी पडतं. म्हणून अंगणवाडीचा खाऊ, शाळेचा डबा आणि गरोदर बाईचं ताट, यांत हिरवा किंवा मोड आलेला बटाटा घालूच नका.

खाल्ल्यावर पोटात कळा, उलट्या, जुलाब, डोकेदुखी सुरू झाली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कोणते बटाटे, कधी खाल्ले ते सांगा. उरलेला बटाटा टाकू नका, सोबत न्या.

काढलेली साल आणि कोंब गाईबकऱ्यांना घालू नका, त्यांनाही ते बाधतं. खड्ड्यात पुरा.

आणि शेवटचं. बटाटा अंधारात पण हवेशीर जागी, गोणपाटाने झाकून ठेवा. खिडकीजवळ किंवा रात्रभर जळणाऱ्या ट्यूबलाइटखाली नको. कांदा त्याच्यापासून लांब, पसरून नाहीतर माळ बांधून टांगा. आज घरी गेलात की पोत्याच्या वरच्या थरातले चार बटाटे धुऊन दारात आणा आणि उलटसुलट बघा. उजेड तिथेच आधी लागतो.