हिश्श्याचा नफा आणि हाती आलेला पैसा

चंद्रपुराहून वरोऱ्याकडे निघाले म्हणजे वाटेत भद्रावती लागते. जुन्या माणसांच्या तोंडी तिचे भांदक हेच नाव अद्याप आहे. या गावानजीक बरांज येथे जमिनीच्या पोटात दगडी कोळसा आहे. तो काढून शेकडो मैल दक्षिणेस बळ्ळारीच्या वीजगृहात जाळावयाचा, अशी योजना या शतकाच्या आरंभी ठरली. वीजगृह कर्नाटक सरकारच्या कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनचे. कोळसा काढण्याचे काम तिने स्वतःकडे न ठेवता एम्टा या खाणकाम करणाऱ्या खाजगी कंपनीशी २००२ साली करार केला, आणि दोघींच्या भांडवलावर कर्नाटक एम्टा कोल माइन्स ही तिसरीच कंपनी उभी राहिली. तिच्या भागांपैकी शेकडा ७४ एम्टाकडे व शेकडा २६ कॉर्पोरेशनकडे, अशी वाटणी झाली.

शेकडा २६ हा आकडा पाहून पुष्कळांस कुतूहल वाटेल. पंचवीस नव्हे, तीसही नव्हे, सव्वीसच का? कंपनीच्या कायद्यात काही मोठे निर्णय विशेष ठरावानेच होतात, आणि असा ठराव संमत होण्यास अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या निदान तिप्पट असावी लागतात. सव्वीसची तिप्पट अठ्ठ्याहत्तर होते; चौऱ्याहत्तरांस ती गाठता येत नाही. म्हणजे सव्वीसाचा धनी कंपनी चालवू शकत नाही, परंतु तिला मन मानेल तिकडे जाऊही देत नाही. मालकही नव्हे आणि नुसता प्रेक्षकही नव्हे, अशी ही मधली अवस्था आहे, आणि हिशोबाचा खरा पेच येथेच उद्भवतो.

कोणी गृहस्थाने एखाद्या गिरणीचे पाचपन्नास भाग घेतले, तर त्याचे उत्पन्न म्हणजे हाती येणारा लाभांश. गिरणीस किती नफा झाला याची चौकशी त्याने केली तरी वहीत तो नफा लिहिण्याचा त्यास अधिकार नाही. उलट, जी कंपनी दुसरीची पूर्ण सूत्रधार आहे, ती आपल्या उपकंपनीचे सारे उत्पन्न, सारा खर्च, सारे कर्ज आपल्या एकत्रित हिशोबात ओळीने मिळविते. मधल्या अवस्थेतील धन्यास पहिला मार्ग अपुरा पडतो व दुसरा अतिरेकाचा होतो. लाभांशच तेवढा उत्पन्न धरावा, तर लाभांश कधी व किती वाटावा यावर त्याचेही थोडेबहुत वजन चालते. ज्या वर्षी स्वतःचा नफा कमी, त्या वर्षी तिकडून जास्त लाभांश मागवून घेण्याचा मोह सुटणे अवघड आहे. सारा कारभार ओळीने मिळवावा, तर जी खाण आपल्या ताब्यात नाही तिची यंत्रे व तिचे कर्ज आपले म्हणून दाखविल्यासारखे होते.

यातून जो तोडगा निघाला त्यास इक्विटी पद्धत म्हणतात. ब्रिटनमधील हिशोबनीसांच्या संस्थांनी १९७१ साली आपले पहिलेच मानक काढले, ते याच विषयावर होते. हिंदुस्थानात २००१ साली त्यासाठी हिशोबमानक २३ निघाले, आणि २०१६ पासून मोठ्या कंपन्यांस इंड ए-एस २८ हे मानक टप्प्याटप्प्याने लागू झाले. शेकडा २० किंवा त्याहून अधिक मते हाती असली, की त्या धन्याचा दुसऱ्या कंपनीवर लक्षणीय प्रभाव आहे असे गृहीत धरावयाचे. तसे नसल्याचे दाखविणे ज्याचे त्याने. ज्या कंपनीवर असा प्रभाव आहे ती सहयोगी कंपनी. बरांजसारख्या जोडीस व्यवहारात संयुक्त उपक्रम म्हणतात खरे, परंतु हिशोबात तो शब्द तेव्हाच चालतो, जेव्हा महत्त्वाचा प्रत्येक निर्णय दोघांच्या संमतीवाचून होत नाही, असा करारच असतो. सुदैवाने दोन्ही प्रकारांस पद्धत एकच लागते.

पद्धतीचे वर्म समजण्यास एक कल्पित उदाहरण घ्यावे. हिस्सा बरांजचाच, शेकडा २६. आकडे मात्र सोयीसाठी योजिलेले, कोणाही कंपनीचे नव्हेत. समजा, खाणकंपनीचे भांडवल १०० कोटी रुपये आहे आणि वीजकंपनीने आपल्या हिश्श्याचे २६ कोटी भरले. वीजकंपनीच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस एकच ओळ येते : सहयोगी कंपनीतील गुंतवणूक, २६ कोटी. खाणीची यंत्रे, गाड्या, कर्ज, मजुरी यांपैकी काहीही तेथे दिसत नाही.

पहिल्या वर्षी खाणकंपनीस कर भरून २० कोटी नफा झाला आणि तिने ५ कोटी लाभांश वाटला. वीस कोटींचे शेकडा २६ म्हणजे ५ कोटी २० लाख. ही रक्कम वीजकंपनीच्या एकत्रित नफातोटापत्रकात ‘सहयोगी कंपनीच्या नफ्यातील हिस्सा’ म्हणून एका ओळीत येते, आणि तितकीच रक्कम गुंतवणुकीच्या ओळीत वाढते. लाभांशापैकी वीजकंपनीच्या हाती १ कोटी ३० लाख रोख आले. नवशिक्या कारकुनाचा हात चुकतो तो येथे. तो हे एक कोटी तीस लाखही उत्पन्नात मिळवितो. वस्तुतः ज्या नफ्यातून हा लाभांश निघाला तो पाच कोटी वीस लाखांत आधीच येऊन गेलेला आहे. पुन्हा धरला तर एकच नफा दोनदा मोजला जाईल. म्हणून लाभांश उत्पन्नात न जाता गुंतवणुकीतून वजा होतो. झाडाचे फळ तोडून घरात आणले की झाडावर ते उरत नाही, तितकाच हा साधा प्रकार आहे. वर्षअखेर गुंतवणूक २६ अधिक ५.२० उणे १.३०, म्हणजे २९ कोटी ९० लाख. बरोबर आहे की नाही याचा ताळाही सोपा : खाणकंपनीजवळ आता शंभर अधिक वीस उणे पाच, म्हणजे ११५ कोटी आहेत, त्यांचे शेकडा २६ म्हणजे २९ कोटी ९० लाखच.

हे सर्व एकत्रित हिशोबात. वीजकंपनीच्या स्वतःच्या स्वतंत्र हिशोबात गुंतवणूक सामान्यतः खरेदीच्या किमतीलाच राहते आणि उत्पन्न म्हणून नुसता लाभांश येतो. त्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच वर्षाच्या वृत्तांतात एके ठिकाणी १ कोटी ३० लाख व दुसरे ठिकाणी ५ कोटी २० लाख दिसले तर वाचणाऱ्याने दचकू नये. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत.

दुसऱ्या वर्षी एक बारकावा येतो, आणि तो कोळशाच्या व्यवहारास विशेष लागू आहे. खाणकंपनीचे गिऱ्हाईक वीजकंपनीच आहे. समजा, त्या वर्षी खाणीस १० कोटी नफा झाला व लाभांश वाटला नाही. वीजकंपनीचा हिस्सा २ कोटी ६० लाख. पण ३१ मार्च रोजी वीजगृहाच्या आवारात न जाळलेल्या कोळशाचा ढीग पडून आहे, आणि त्या कोळशावर खाणीने २ कोटी नफा घेतला आहे. हा नफा अद्याप पक्व झालेला नाही; वीजकंपनीने जणू आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशाला माल विकला आहे. म्हणून त्या दोन कोटींतील आपला हिस्सा, ५२ लाख, बाजूस ठेवावयाचा आणि २ कोटी ८ लाखच दाखवावयाचे. पुढील वर्षी कोळसा जळून वीज विकली गेली की ते ५२ लाख परत येतात. अशा रीतीने गुंतवणूक ३१ कोटी ९८ लाख झाली.

आता तिसरे वर्ष. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील २१४ कोळसापट्ट्यांचे वाटप रद्द केले, आणि त्यांत बरांजचे पट्टेही होते. चालू खाणींस ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत मिळाली. शिवाय काढलेल्या कोळशावर टनामागे २९५ रुपये भरण्याचा हुकूम झाला. खाण हेच जिचे सर्वस्व, अशा कंपनीवर हा घाव केवढा, हे सांगावयास नको. कल्पित उदाहरणात समजा, अशा एका वर्षी खाणकंपनीस १५० कोटी तोटा आला. शेकडा २६ म्हणजे ३९ कोटी. मागचे ५२ लाख परत आले ते वजा जाता ३८ कोटी ४८ लाख. परंतु गुंतवणुकीच्या ओळीत आहेत ३१ कोटी ९८ लाखच. वीजकंपनीने भागांचे पैसे भरले आहेत. त्यापलीकडे तिची जबाबदारी नाही. म्हणून ओळ शून्यावर येऊन थांबते. उरलेले ६ कोटी ५० लाख नफातोटापत्रकात जात नाहीत, टिपणीत नोंदून ठेवले जातात.

या थांबण्यास मात्र एक मोठा अपवाद आहे, आणि जाणता वाचक ताळेबंदात प्रथम तोच शोधतो. खाणकंपनीच्या कर्जास वीजकंपनी जामीन राहिली असेल, किंवा तिचे देणे फेडण्याचे तिने पत्करले असेल, तर शून्यानंतरचा तोटाही त्या मर्यादेपर्यंत देणे म्हणून दाखवावा लागतो. तिने खाणकंपनीस दीर्घ मुदतीचे कर्ज दिले असेल व ते नजीकच्या काळात परत यावयाचे नसेल, तर तेही तोट्याच्या तोंडी पडते. शून्य दिसले म्हणजे संकट संपले, असे समजणे म्हणूनच धोक्याचे.

तोटा प्रत्यक्ष लिहिला जाईपर्यंत थांबावे, असेही नाही. खाणीचा परवाना गेला ही बातमी आली त्याच वेळी गुंतवणुकीची खरी किंमत घटली काय, हे तपासून ती उतरविणे मानकाने आवश्यक केले आहे. व्यवहारात ही उतरवणी उशिरा होते. आशा कोणास सुटत नाही.

नफ्याचा हा हिस्सा रोख नव्हे, ही गोष्ट रोकड-प्रवाहाच्या पत्रकात उघड होते. तेथे पाच कोटी वीस लाख नफ्यातून आधी वजा केलेले दिसतात आणि लाभांशाचे एक कोटी तीस लाख निराळे येतात. वर्षानुवर्षे पहिली रक्कम मोठी आणि दुसरी नाममात्र अशी स्थिती असली, तर तो नफा खाणीतच अडकून पडला आहे असे समजावे. एका ओळीच्या या पद्धतीत दुसरेही एक झाकले जाते. खाणीचे एकूण कर्ज, उकरलेली जमीन पूर्ववत करण्याचा खर्च, गाव सोडून गेलेल्यांचे देणे, हे सारे खाणकंपनीच्या वहीत असते. वीजकंपनीच्या ताळेबंदात त्या सर्वांची बेरीज-वजाबाकी होऊन एक आकडा उरतो. टिपण्यांत सहयोगी कंपनीची थोडक्यात माहिती द्यावी लागते, तीच काय ती खिडकी.

राहिले ते ६ कोटी ५० लाख. समजा, चौथ्या वर्षी खाणकंपनीस पुन्हा ३० कोटी नफा झाला. शेकडा २६ प्रमाणे हिस्सा ७ कोटी ८० लाख येतो, आणि तो सगळा दाखविण्यास मन उत्सुक होते. पण टिपणीतला तोटा आधी भरून निघाला पाहिजे. साडेसहा कोटी त्यात जिरतात, आणि त्या वर्षीच्या ओळीत १ कोटी ३० लाख एवढेच दिसतात.