चहापानातील संभाषण आणि नावांचे स्मरण



परिसंवादात निबंध कसा वाचावा, हे आपण सकाळपासून ऐकत आहात. मला बोलायचे आहे ते दोन निबंधांच्या मधल्या वीस मिनिटांविषयी. मूळ लेखकाची अनुमती, अडलेल्या शब्दाचा नेमका अर्थ, पुढील पुस्तकाची सूचना, या गोष्टी अनुवादकाला पुष्कळदा व्यासपीठावर मिळत नाहीत. त्या चहाच्या टेबलाशी मिळतात. पण आठवड्याने पत्र लिहायला बसावे आणि समोरच्या व्यक्तीचे नावच आठवू नये, असे झाले की तो सारा लाभ वाया जातो.

दिल्लीत अशा भेटींचे दोन प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. 1954 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर 2025 च्या फेब्रुवारीत डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली तालकटोरा स्टेडियमवर ते पुन्हा भरले. अशा ठिकाणी ‘आपले मूळ गाव कोणते?’ एवढा प्रश्न पुरतो. ‘कर’ने संपणाऱ्या आडनावात गाव बहुधा दडलेलेच असते, त्यामुळे प्रश्नाचे उत्तर आणि माणसाचे नाव एकमेकांना धरून राहतात. दुसरा प्रकार साहित्य अकादेमीच्या साहित्योत्सवाचा. तेथे चोवीस भाषांचे लेखक आणि अनुवादक एकत्र येतात. तेथील नावे आपल्या कानांच्या सवयीची नसतात आणि आडनावाचा आधारही भरवशाचा नसतो. कित्येक तमिळ व्यक्तींच्या नावाआधीचे अक्षर हे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते, आडनाव नसतेच. शिवाय आडनावाची चौकशी ही कित्येकदा जातीची चौकशी ठरते, म्हणून ती टाळणेच सभ्यपणाचे.

नाव विसरले जाते असे आपण म्हणतो. वस्तुतः पुष्कळदा ते मनात शिरलेलेच नसते. 1973 साली मॅल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने काही माणसांना टेबलाभोवती बसवून आळीपाळीने शब्द वाचायला लावले. स्वतःची पाळी येण्याच्या अगदी आधी उच्चारलेले शब्द त्यांना सर्वांत कमी आठवले, कारण त्या क्षणी मन स्वतःच्या पाळीत गुंतलेले होते. परिचयाच्या वेळी नेमके हेच घडते. समोरचा नाव सांगत असतो आणि आपण आपले नाव, पद आणि गाव जुळवत असतो. यावर उपाय सोपा आहे: आपला परिचय एका वाक्यात आधीच ठरवून ठेवावा, म्हणजे ऐकायला मन मोकळे राहते.

दुसरे कारण नावाच्या स्वभावातच आहे. 1987 साली काही ब्रिटिश संशोधकांनी अनोळखी चेहऱ्यांबरोबर नावे आणि व्यवसाय शिकवून पाहिले. एकच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तर अधिक सहज आठवतो, नाव म्हणून सांगितला तर निसटतो, असे त्यांना आढळले. आपल्याकडचे उदाहरण घ्या. ‘हे गावचे कुलकर्णी होते’ असे म्हटले की दप्तर, बोरू, शेतसाऱ्याचा हिशेब असे चित्र उभे राहते. ‘हे श्री. कुलकर्णी’ म्हटले की काहीच दिसत नाही. तेव्हा नावाला एखादे चित्र जोडावे लागते, आणि ते चित्र संभाषणातूनच मिळवावे लागते. संभाषणाचा आरंभ कसा करावा, हा प्रश्न म्हणूनच नावाच्या स्मरणाशी निगडित आहे.

‘प्रवास कसा झाला?’ याचे उत्तर ‘ठीक’. ‘आपण कोठे असता?’ याचे उत्तर पद आणि कार्यालय. दिल्लीत अशी उत्तरे दिवसभरात वीस ऐकू येतात आणि सारखीच भासतात. त्याऐवजी दोघांनी नुकतेच ऐकलेल्या एखाद्या मुद्द्यावर प्रश्न करावा: ‘बोलीभाषेविषयी वक्ते जे म्हणाले, तसा अनुभव आपल्या भाषेत येतो का?’ किंवा ‘सध्या कोणता शब्द आपल्याला अडवून बसला आहे?’ अशा प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘ठीक’ म्हणून भागत नाही. प्रश्न करण्यास उत्तम जागा म्हणजे रांग. तेथे हातात ताट नसते, तोंडात घास नसतो, आणि टेबलाशी पोहोचल्यावर संभाषण संपवायला निमित्तही आयतेच मिळते.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. चहाच्या रांगेत आपल्यापुढे एक मल्याळम अनुवादिका उभ्या आहेत. वरील प्रश्नावर त्या सांगतात की, कोळ्यांच्या जीवनावरील कथांचा अनुवाद त्या करीत आहेत आणि जाळ्यांच्या प्रकारांना शब्द मिळत नाहीत. मग आपण नाव विचारता. छातीवरील ओळखपत्रात रोमन लिपीतले नाव पाहून आपण ‘लथा’ वाचाल, आणि ते चुकेल. दक्षिणेत ‘त’ हा वर्ण रोमनमध्ये पुष्कळदा ‘एच’ जोडून लिहितात. नाव ‘लता’ आहे. म्हणून ओळखपत्र वाचण्यापेक्षा ‘आपण आपले नाव कसे उच्चारता?’ असे विचारावे. यात कोणाला अपमान वाटत नाही, उलट नाव पुन्हा एकदा कानावर पडते. नंतर ते एकदाच वाक्यात वापरावे: ‘लताजी, या जाळ्यांची नावे आमच्या कोकणात मिळतील.’ प्रत्येक वाक्यात नाव घेणे मात्र विक्रेत्यासारखे वाटते. मनात चित्र जुळवावे: कोळ्याच्या जाळ्यावर चढलेली वेल. चित्र जितके विचित्र तितके बरे. ते कोणाला सांगायचे नसते.

इतके झाल्यावर नाव घोकू नये. ते आठवून पाहावे. 1978 साली लॅन्डॉवर आणि ब्योर्क यांनी नावांवरच प्रयोग करून दाखविले की, वाढत्या अंतराने आठवण्याचा प्रयत्न केल्यास नाव अधिक टिकते. अंतर वाढते असावे की समान, याविषयी पुढे मतभेद झाले; परंतु स्वतः आठवण्याचे श्रम नुसत्या पुन्हा वाचण्याहून अधिक फळतात, हे पुढील संशोधनानेही दाखविले आहे. म्हणून कप घेऊन बाजूला जाताना एकदा, चार-पाच मिनिटांनी एकदा, सभागृहात बसल्यावर एकदा आणि भोजनाच्या वेळी दुरून चेहरा दिसताच एकदा, असे चार वेळा नाव आठवावे. सभागृहात बसताच कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे ‘लता, मल्याळम, जाळी’ एवढे तीन शब्द लिहावेत. चेहरा पाहून तिसरा शब्द आठवतो पण पहिला आठवत नाही, असे झाल्यास चित्र कच्चे राहिले असे समजावे आणि दुसरे जुळवावे.

या रीतीला मर्यादा आहे. एका चहापानात दोन, फार तर तीन माणसे. याहून अधिक नावे गोळा करू गेल्यास पहिलीही पुसली जातात. नाव निसटलेच, तर अंदाजाने घेऊ नये आणि दिवसभर ‘साहेब’, ‘मॅडम’ म्हणून वेळही मारून नेऊ नये, कारण विलंब जितका अधिक तितके विचारणे अवघड होते. ‘जाळ्यांविषयी आपण बोललो ते चांगले आठवते, नाव तेवढे पुन्हा सांगाल का?’ असे विचारावे. आपले म्हणणे लक्षात राहिले आहे, हे कळल्यावर नाव पुन्हा सांगण्याचे कष्ट सहसा कोणाला जाचत नाहीत.

थोड्याच वेळात चहाची सुटी होईल. रांगेत आपल्यापुढे जे कोणी असेल, त्यांच्यापासून आरंभ करावा.